चौकोनी जबडा, दाट वेव्ही केस आणि तो 'तंबू' झालेला बॉब

प्रश्न: माझा चेहरा चौकोनी आहे, जबडा रुंद आणि कोपरे अगदी दिसतात. केस खूप दाट, वेव्ही, सध्या पाठीच्या मध्यापर्यंत. दोन वर्षांपूर्वी हनुवटीपर्यंत सरळ बॉब केला होता तर पार्लरमध्ये छान दिसला आणि घरी धुतल्यावर तंबू झाला, चेहरा आणखीच रुंद. आता परत छोटे करायचेत, नवरात्रीच्या आधी. डांडिया बाजारातली पार्लरवाली म्हणते थिनिंग करून देते, फुगणार नाहीत. करू का? – बडोदा

उत्तर:

थिनिंगचं नंतर सांगते, आधी तो तंबू का झाला ते बघू, कारण ते कळलं की बाकी अर्ध्या गोष्टी आपोआप सुटतात.

मी बडोद्यात बावीस वर्षं केस कापतेय, आधी रावपुऱ्यात दुसऱ्यांकडे आणि नंतर स्वतःचं. तुमच्यासारखी तक्रार घेऊन महिन्याला दोन-तीन जणी तरी येतात आणि जवळजवळ प्रत्येकीला वाटतं की आपला जबडाच वाईट आहे. जबड्याचं काही चुकलेलं नसतं हो. केस सगळे एकाच लांबीला कापले की त्यांचं सगळं वजन खालच्या कडेला जमा होतं, वर डोक्याशी केस चप्पट बसतात आणि खाली एकावर एक थर येऊन कड बाहेर ढकलली जाते. पातळ सरळ केसांना ही कड छान दिसते, भरल्यासारखी वाटते. दाट वेव्ही केसांना मात्र तीच कड घागऱ्याच्या घेरासारखी पसरते. आणि तुमच्या बाबतीत तो घेर नेमका कुठे आला, तर हनुवटीला, म्हणजे जिथे चेहरा आधीच सगळ्यात रुंद आहे तिथेच. पार्लरमध्ये ड्रायर आणि ब्रशने ओढून सरळ केले होते म्हणून तेव्हा कळलं नाही.

म्हणून चौकोनी जबड्याला मी एकच गोष्ट बघते, केस वाळल्यावर त्यांची रुंदी कुठल्या उंचीला येते. ती रुंदी गालाच्या हाडापाशी आली तर जबडा आपोआप लहान वाटतो, कॉलरबोनच्या खाली गेली तर चेहरा लांबट वाटतो, आणि जबड्याच्या कोपऱ्याला आली तर काहीही करा, कितीही महागडा कट असो, चौकटच दिसणार. कटचं नाव काय, यूट्यूबवर कुणी काय म्हटलं, हे सगळं नंतरचं.

तुमचा चेहरा खरंच चौकोनी आहे का हे एकदा दोऱ्याने बघून घ्या, कारण गुबगुबीत गोल चेहऱ्याच्या बायकापण स्वतःला चौकोनी म्हणतात आणि त्यांचा हिशोब वेगळा असतो. केस मागे घट्ट बांधा, एका गालाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत दोरा धरा, मग तोच दोरा जबड्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत धरा. दोन्ही जवळजवळ सारखे आणि कोपरा बोटाला टोकदार लागतो, तर चौकोनी.

आता वेव्ही केसांची खरी गोम. ओले केस ताणले जातात आणि वाळले की वर चढतात. किती चढतात ते प्रत्येकीचं वेगळं, आणि एकाच डोक्यावर पण वेगळं, कानशिलाजवळचे केस बहुतेक जणींचे कमी वेव्ही असतात आणि आतले, मानेजवळचे जास्त गुंडाळतात. त्यामुळे ओल्या केसांवर फणी घट्ट ओढून जिथे कात्री लावली तिथे केस राहतच नाहीत. ही टेस्ट घरी करा, पार्लरला जायच्या आधीच. केस धुवा, समोरची एक बट आणि मागची एक बट घ्या, ओली असताना न ओढता नुसती सोडा आणि टोक कुठे येतं तिथे कपड्यावर खडूने खूण करा. मग ड्रायर नाही, कंगवा नाही, नुसतं वाळू द्या. आता टोक किती वर आलं ते पट्टीने मोजा. समजा समोर १ इंच आणि मागे २ इंच आलं, तर ही तुमची रक्कम. पार्लरवालीला हेच सांगायचं की माझे केस मागून २ इंच चढतात. एक लक्षात ठेवा, आत्ता केस लांब आहेत म्हणून त्यांच्याच वजनाने थोडे ताणलेले राहतात, छोटे केले की त्याहून थोडे जास्तच चढतील. बॉबच्या वेळी तुमच्या बाईने बहुतेक ओल्यावर हनुवटीच्या खाली कापलं असेल आणि वाळल्यावर ते जबड्याच्या कोपऱ्यावर येऊन बसलं, मला तरी तसंच वाटतंय.

त्याच वेळी अजून एक गोष्ट आरशात बघा. वेव्ह म्हणजे केस एकदा आत वळतो, एकदा बाहेर वळतो, एस आकारात. जबड्याच्या उंचीला तुमचा केस आत वळतोय का बाहेर? बाहेर वळत असेल तर तिथे आधीच फुगवटा आहे, आणि टोक तिथेच कापलं तर ते बाहेरच उडणार, मग रोज ब्रश घेऊन आत वळवत बसा. बाहेरच्या वळणावर कधी कापायचं नाही, ते वळण संपून केस आत यायला लागतो तिथे कापायचं. अर्धा इंच इकडे तिकडे झालं तरी फरक पडतो, म्हणून तर शेवटचं काम वाळलेल्या केसांवर करायचं असतं. ओल्यावर हे दिसतच नाही.

आता थिनिंग. तुमच्या पार्लरवालीचं म्हणणं अगदीच चूक नाही, वजन काढायलाच पाहिजे, पण थिनिंगची कात्री म्हणजे दातेरी कात्री, ती केसांच्या जाड बटेतून काही केस मध्येच तोडते आणि काही लांब ठेवते. तुटलेले छोटे केस आत राहतात. सरळ केसांत ते दबून राहतात. वेव्ही केसांत ते छोटे केस हलके असल्यामुळे जास्त वळतात, उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना आतून ढकलतात, जणू गादीत कापूस भरलाय. पहिल्या दिवशी हात फिरवला की हलकं वाटतं, बाई खूश होऊन जाते, आणि तीन-चार आठवड्यांनी ते छोटे केस अर्धा इंच वाढले की सगळं डोकं पिंजारल्यासारखं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा तर विचारूच नका.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलेय. कामाला लागून तीनेक वर्षं झाली होती, एका मुलीचं लग्न दोन महिन्यांवर होतं, केस तुमच्यासारखेच, आणि मी मूळापासून चार बोटांवर थिनिंग कात्री चालवली, पूर्ण डोक्यावर. तिला तेव्हा फार आवडलं. लग्नाच्या दिवशी अंबाडा घालताना ते छोटे केस इतके बाहेर यायला लागले की स्प्रे आणि पिना संपल्या तरी बसेनात. तिच्या आईने मला काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून दाट वेव्ही केसांवर वरच्या थराला ती कात्री मी लावतच नाही. लावलीच तर आतल्या थरात, मानेच्या वर, आणि केसाच्या खालच्या अर्ध्या भागात, एकदा-दोनदा, बस. रेझरपण नको, वेव्ही केसाचं टोक रेझरने फाटल्यासारखं होतं आणि मग ते फ्रिझी दिसतं.

मग वजन काढायचं कसं, तर लेयरने. हे जरा नीट सांगते म्हणजे खुर्चीत बसल्यावर तुम्हाला कळेल काय चाललंय. केस खाली सोडूनच कापले की एकच कड येते, तोच तुमचा तंबू. थोडे उचलून, अर्धवट तिरके धरून कापले की कडेच्या जरा वर वजन साठतं, मागून गोलसर भरलेला बॉब करतात तो असा, आणि तो तुम्हाला अजिबात नको कारण ते साठलेलं वजन जबड्याच्या आसपास येतं. डोक्यापासून काटकोनात, सरळ बाहेर उचलून कापले की लेयर होतो, वजन वरून खाली वाटलं जातं. तुम्हाला हवाय तो हाच, पण लांब लेयर. वरचा लेयर फार छोटा केला की वर एक मशरूम आणि खाली शेपट्या, दोन मजली घर. आपल्याकडे स्टेप कट म्हणून जो देतात ना, त्यात बऱ्याचदा हेच होतं. माझा स्वतःचा हिशोब असा की दाट वेव्ही केसांत डोक्याच्या वरचा सगळ्यात छोटा केसपण ओल्यावर १० इंचाच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

एकीचं उदाहरण सांगते म्हणजे चित्र येईल. सयाजीबागेच्या बाजूच्या एक वहिनी आल्या होत्या, चाळिशीच्या, शाळेत शिकवतात. जबडा चौकोनी, केस पाठीपर्यंत, पोनीटेल बांधून टेपने मोजली तर घेर साडेचार इंच. पोनीचा घेर ४ इंचांच्या वर गेला की आम्ही दाट म्हणतो. त्यांना सांगितलं होतं की आदल्या दिवशी धुवून, नुसतं वाळवून, न बांधता या. इस्त्री करून आलेल्या केसावर मला काही कळत नाही. आल्या तेव्हा आधी दहा मिनिटं फक्त बघितलं. त्यांचा भांग मधोमध होता, आणि मधला भांग चेहऱ्याचे बरोबर दोन सारखे भाग करतो, मग जबड्याचे दोन कोपरे सारखेच डोळ्यात येतात. भांग डाव्या भुवईच्या मध्यावर आणला, एवढ्यानेच त्या म्हणाल्या, अगं वेगळंच दिसतंय. अजून कात्री लागलीच नव्हती.

मग केस धुतले, टॉवेलने पाणी टिपलं, मोठ्या दातांच्या फणीने न ताणता विंचरले. त्यांना कॉलरबोनच्या किंचित खाली लांबी हवी होती आणि टेस्टमध्ये केस पावणेदोन इंच चढले होते, म्हणून ओल्यावर कॉलरबोनच्या ३ इंच खाली खालची कड कापली. म्हणजे थोडं जास्तच ठेवलं, नंतर कमी करता येतं, चिकटवता येत नाही. कड अगदी सरळ नाही, हलका यू, समोर जरासा उतार. व्ही कट मी टाळते, दाट केसात व्हीची शेपटी मागे बारीक लोंबते आणि समोर काही उरत नाही. मग वरचे केस काटकोनात उचलून लांब लेयर, सगळ्यात छोटा साडेदहा इंच. टोकं सरळ रेषेत नाही कापली, कात्री उभी धरून टोकात थोडं थोडं आत घातलं, त्याने कड मऊ होते आणि छोटे तुकडे मूळाशी उरत नाहीत.

यानंतर ड्रायरला डिफ्यूझर, म्हणजे वारा पसरवणारं रुंद तोंड, लावून, केसांना हात न लावता, वाळवलं. वीस-पंचवीस मिनिटं गेली, बाहेर दोन बायका वाट बघत होत्या आणि त्यांना वाटलं असेल ही नुसती उभी आहे. पण खरा कट आता. वाळल्यावर दिसलं की उजव्या बाजूला कानाच्या मागची एक मोठी बट जबड्याच्या उंचीलाच बाहेर वळतेय. ती छोटी नाही केली, तिच्या खालच्या थरातून आतून थोडे केस कमी केले म्हणजे मागून ढकलणारं कुणी उरलं नाही आणि ती बसली. खालची कड डावीकडे पाऊण इंच कमी केली. मग समोरच्या बटा. इथेच सगळी गंमत आहे चौकोनी चेहऱ्याची.

समोरची सगळ्यात छोटी बट वाळल्यावर गालाच्या हाडावर येऊ द्यायची, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या खाली साधारण दीड बोट. ती तिथे बाहेर वळते, चेहऱ्याची रुंदी वर जाते. तिच्या पुढची बट एकदम हनुवटीच्या खाली, निदान दीड-दोन इंच खाली. मधे, ओठापासून जबड्यापर्यंत, एकही टोक संपायला नको. त्या भागातून केस फक्त जातो, थांबत नाही. बऱ्याच ठिकाणी समोरून जिना काढल्यासारखं कापतात, नाक, ओठ, हनुवटी, आणि हनुवटीची ती पायरीच तुमचा घात करते. वहिनींच्या समोर फक्त दोन-दोन बटा मोकळ्या ठेवल्या, बाकी मागच्या लेयरमध्ये मिळवल्या. कपाळावर सरळ फ्रिंज मागितली होती त्यांनी, त्याला मी नाही म्हटलं. कपाळावर आडवी रेघ, खाली जबड्याची आडवी रेघ, चेहऱ्याची पेटी होते, आणि वेव्ही फ्रिंज वाळली की भुवईच्या वर उडी मारते ते वेगळंच.

तुम्हाला नवरात्रीच्या आधी करायचंय म्हणून सांगते, गालापर्यंतची बटपण आत्ता थोडी लांब ठेवा, कानामागे जाईल एवढी तरी. गरब्यात दुसऱ्या राउंडला घामाने ती गालाला चिकटते आणि नऊ रात्री पिना लावत बसाल. दिवाळीनंतर येऊन वर घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कॉलरबोनपर्यंतची लांबी गरब्याला तशी बरीच, खाली पोनी बसते, छोटा अंबाडापण बसतो आणि गजरा टिकतो. चणियाचोळीवर मान मोकळी हवी असते सगळ्यांना.

बॉबच हवा असेल, मन ऐकतच नसेल, तर मी अडवणार नाही. पण मग वाळल्यावर जबड्याच्या २ इंच खाली, समोर मागच्यापेक्षा इंचभर लांब, आतून लेयर, आणि मागे गोल भरलेलं काही नको. जबड्याच्या बरोबरीचा नाही आणि ओठापर्यंतचापण नाही, ओठापर्यंतच्या बॉबमध्ये जबडा उघडा पडतो आणि वर तुमचा दाट केस टोपीसारखा बसतो. अगदी छोटा, पिक्सी, तो चौकोनी जबड्याला खरं तर भारी दिसतो, वर उंची आणि बाजूला चप्पट, पण दाट वेव्हीला दर पाच-सहा आठवड्यांनी कात्री लागते आणि वाढवताना वर्षभर मधली अवस्था सहन करावी लागते. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, हिशोब करून बघा. आणि हो, काही बायकांना स्वतःचा जबडा आवडतो, त्यांनी सरळ मागे घट्ट अंबाडा घालावा, हे सगळं वाचायची गरजच नाही.

पार्लरमध्ये बोलताना शब्दांवर जाऊ नका. माझ्याकडे गुजराती बायका येतात, बसल्या बसल्या "बेन, थोडुं ज कापजो" म्हणतात, आणि एकीचं थोडुं म्हणजे अर्धा इंच आणि दुसरीचं चार इंच. लेयर, स्टेप, फेदर, ही नावंपण प्रत्येक दुकानात वेगळ्या कटाला असतात. त्यापेक्षा बोटाने दाखवा, वाळल्यावर सगळ्यात छोटी बट इथे आणि लांबी इथे, आणि म्हणा की शेवटचं कापणं वाळवून करा, ब्लो-ड्राय नको. फोटो नेलात तर मॉडेलचे केस वेव्हीच असले पाहिजेत. सरळ केसांचा फोटो दाखवाल तर ती सरळ केसांचा कट करून देईल, तिची काय चूक.

उठायच्या आधी खुर्चीत बाजूने फोटो काढा आणि डोळे बारीक करून बघा, सगळ्यात रुंद कुठे दिसतंय. जबड्यापाशी दिसलं तर तिथल्या तिथे सांगा, घरी गेल्यावर नाही. बहुतेक वेळा लांबीला हात न लावता आतून वजन काढलं की सुटतं. मानेखाली दोन्ही बाजूंना हात घालून बघा, एका बाजूला गठ्ठा जाड लागतो का. एकदम पायरीसारखी कड दिसली तर टोकं अजून मऊ करायला सांगा. आणि डोक्याच्या वरती, भांगाच्या आजूबाजूला, बोटभर लांबीचे सुटे केस उभे दिसले तर समजा थिनिंग कात्री वर गेली. त्याला इलाज नाही, पाच-सहा महिने वाढू द्यायचे, आणि तोपर्यंत पुन्हा कुणी "थोडं हलकं करू का" म्हटलं तर नाही म्हणायचं.

घरी फार काही नाही. धुतल्यावर कंडिशनर असतानाच विंचरा, नंतर जुन्या सुती ओढणीने दाबून पाणी टिपा, टॉवेलने चोळू नका, आणि वाळल्यावर कंगवा फिरवू नका, वेव्ह फुटते आणि परत तंबू. पुढचं ट्रिम अडीच-तीन महिन्यांनी, कारण तोपर्यंत गालाच्या हाडावरची ती बट दीड इंच खाली, म्हणजे बरोबर जबड्याकडे सरकलेली असते.

नवरात्रीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, तेव्हा सगळ्या पार्लरमध्ये फेशियल आणि मेंदीची रांग असते आणि डिफ्यूझर धरून वीस मिनिटं उभं राहायला कुणाला वेळ नसतो. तीन आठवडे आधी, मंगळवारी-बुधवारी दुपारी जा. दोन-तीनदा घरी धुवून झाल्यावर कुठलीतरी एक बट सरळ वागत नाही हे कळतंच, ती दाखवायला परत जायला वेळ उरतो.